प्रोटेक्टर गळतोय, कारण तो चादरीसारखा धुतला जातोय

"दादा, सासऱ्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रात्री कधी कधी कपड्यातच लघवी होते. म्हणून ऑनलाइन चांगला कॉटनचा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर मागवला. चार-पाच महिने मस्त चालला, आता खाली गादीपर्यंत ओल जाते. मी एक दिवसाआड धुते, गरम पाण्यात सोडा टाकून, मग गच्चीवर कडक उन्हात घालते, स्वच्छतेत कुठे कमी नाही. मग असं का? गादी कापसाची आहे, तिला वास यायला लागलाय. उशी धुतली तर आत गोळे झाले. सासरे म्हणतात प्लास्टिकवर गरम होतं, ते काढा. नुसतं जाड कॉटनचं कव्हर घातलं तर चालेल का?" (अमळनेर)

ताई, आधी एक काम करा, तो प्रोटेक्टर उलटा करून उजेडात धरा. वरची बाजू टेरीची असते, टॉवेलसारखे बारीक फासे असलेली, तिच्याकडे बघूनच आपण म्हणतो की कपडा तर अजून नवाच आहे. पण पाणी अडवायचं काम ती बाजू करतच नाही. ते काम मागच्या पातळ पापुद्र्याचं, पीयूच्या म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकच्या फिल्मचं, आणि ती केसापेक्षाही पातळ असते. तुमच्याकडे ती फिल्म कंबरेच्या भागात बहुतेक फुगलेली दिसेल, छोटे छोटे फोड आल्यासारखी, बोटाने दाबलं की खाली पोकळ लागतं, आणि एखाद्या ठिकाणी नख लावलं तर पापुद्रा उचलून हातात येईल. आमच्या दुकानात असे प्रोटेक्टर घेऊन बायका येतात, 'भाऊ, पानी झिरपी ऱ्हायनं' म्हणतात, आणि दहातल्या नवांना वाटतं माल खराब निघाला. माल कधी कधी खराब निघतोही, नाही असं नाही, पण चार-पाच महिने नीट चालून मग गळायला लागलेला असेल तर गडबड धुण्यात शोधायची.

खात्री करायची असेल तर जमिनीवर जुना पेपर पसरा, त्यावर प्रोटेक्टर फिल्म खाली करून ठेवा, कंबरेच्या जागी एक ग्लास पाणी ओता आणि मग त्यावर एक पाट ठेवून पाच-दहा मिनिटं बसा. हे बसणं महत्त्वाचं आहे, कारण नुसतं ओतून ठेवलेलं पाणी बारीक चिरेतून खाली जातच नाही, वरून माणसाचं वजन पडलं की मगच जातं, म्हणून लोक बाथरूममध्ये पाणी ओतून बघतात, काही गळत नाही म्हणतात आणि रात्री गादी ओली. पेपर कोरडा राहिला तर प्रोटेक्टर ठीक आहे आणि ओल बाजूने उतरतेय, म्हणजे आकार चुकलाय किंवा तो सरकतोय. पेपरवर थेंबाथेंबाचे डाग आले तर फिल्मला भोकं पडलीत. एकच मोठा डाग पसरला तर फिल्म तिथून सुटलीय, आणि सुटलेली फिल्म घरी परत चिकटत नाही, फेविकॉल-बिविकॉल लावायच्या भानगडीत पडू नका.

आता फिल्म का सुटते ते सांगतो. कॉटन आणि फिल्म ह्या दोन अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू, त्यांना गरम करून किंवा गोंदाने एकमेकींना चिकटवलेलं असतं. कॉटन गरम पाण्यात आटतं, पहिल्या काही धुण्यांत तर चांगलंच, सहा फुटांत दोन-तीन इंच सहज जातं. फिल्म तशी आटत नाही. मग वरचा कपडा आखडतो, खालची फिल्म आहे तेवढीच राहते, आणि जिथे चिकटलेलं कच्चं असेल तिथे ती सुरकुती घेऊन उठते. त्यात पाणी उकळतं असलं की चिकटवलेला थर मऊ पडलेला असतो, त्याच अवस्थेत आपण पिळतो, मग भरताचं वांगं भाजल्यावर साल कशी आपोआप सुटते तसं होतं.

सोड्याचं वेगळं आहे. पीयूला गरमी आणि ओल एकत्र मिळाली की ते आतून हळूहळू तुटत जातं, आधी चिकट होतं, मग त्याचे पांढरट तुकडे पडायला लागतात (जुन्या बॅगेच्या आतलं अस्तर हाताला चिकटतं ना, तेच हे), आणि धुण्याच्या सोड्याने हे लवकर होतं. क्लोरीनवालं ब्लीच तर त्याहून वाईट. आणि ब्लीचबद्दल एक सांगून ठेवतो, लघवीने भिजलेल्या कपड्यावर ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाबरोबर त्याचा जो वायू होतो तो डोळ्याला आणि घशाला झोंबतो, बंद मोरीत तर जास्तच.

वरून आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नाही, आणि त्या फरशीवर आपण फिल्मची बाजू वर करून दिवसभर टाकतो. कॉटनला त्याने काही फारसं होत नाही, चादरीला ऊन चांगलंच. फिल्मला मात्र ते पिवळी आणि कडक करतं, आणि कडक झालेली फिल्म घडी घातली की घडीवरच चिरते. तुम्ही एक दिवसाआड धुताय म्हणजे महिन्याला पंधरा वेळा, पाच महिन्यांत पाऊणशे वेळा गरम पाणी, सोडा आणि कडक ऊन. एवढं होऊन तो पाच महिने टिकला म्हणजे माल बरा होता.

मग नुसतं जाड कॉटन का नको? कारण कॉटन पाणी अडवत नाही, पितं. घाम, धूळ, डोक्याचं तेल ह्यासाठी कॉटनची खोळ एकदम बरोबर, उन्हाळ्यात अंगाला गार लागते, उकळा, धोपटा, उन्हात टाका, काही बिघडत नाही. पण रात्री एकदम दोन-अडीचशे मिली लघवी झाली तर पातळ कॉटन ती लगेच खाली सोडतं आणि जाड कॉटन थोड्या वेळाने सोडतं, फरक तेवढाच, वरून जाड कपडा ओला राहून सासऱ्यांच्या कंबरेला रात्रभर चिकटून राहणार. त्या वयात ओली कातडी लगेच लाल होते.

बाजारात तिसरी एक जात मिळते ती पण सांगून टाकतो, रजईसारखी चौकटी शिलाईची, दोन कपड्यांच्या मध्ये पॉलिस्टरचं पातळ भरण. दिसायला सगळ्यात भारी दिसते. पण घेताना मागची बाजू बघा, वॉटरप्रूफ थरातूनच सुई आरपार गेलेली असेल, मागे टाके दिसत असतील, तर प्रत्येक टाक्याला एक भोक आहे आणि पाणी त्या भोकांतून उतरतं. धुतल्यावर दोरा आणि कॉटन आटून ती भोकं ताणली जातात ते वेगळंच. मागची फिल्म सलग, बिनटाक्याची हवी.

गरम होण्याबद्दल सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पूर्वी बाळाखाली मेणकापड घालायचे, आता पीव्हीसीचं येतं, स्वस्त, हलवलं की कुरकुर वाजतं, त्यातून हवा-वाफ काहीच जात नाही आणि घाम तिथल्या तिथे साचतो. पीयूची फिल्म पाणी अडवते पण घामाची वाफ थोडी थोडी पलीकडे जाऊ देते, म्हणून महाग असते. पण पलीकडे म्हणजे कुठे तर कापसाच्या गादीत, मोकळ्या हवेत नाही, त्यामुळे मे महिन्यात लाइट गेल्यावर चांगल्यातला चांगला प्रोटेक्टर पण गरम लागणारच, कंपनीने पाकिटावर काहीही छापू दे. ह्यावर उपाय म्हणजे फिल्म आणि अंग ह्यांच्यात कॉटनचा एक नीट थर ठेवायचा, आणि त्या थराने तुमचं धुण्याचं कामही सुटतं.

असं करा. खाली गादी, तिच्यावर तिची साधी सुती खोळ. त्यावर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, त्यावर चादर, आणि चादरीवर फक्त कंबरेच्या जागी एक आडवा पॅड. पॅड बाजारातून घ्यायची गरज नाही, घरातल्या जुन्या सुती साडीची चार-पाच पदरी घडी करून गोधडीसारखे मोठे मोठे धावदोरे घातले की झालं, लांबीला तीन फूट आणि रुंदीला पलंगाएवढं अधिक दोन्ही बाजूंनी गादीखाली दाबायला फूट-फूटभर. साडी सुतीच हवी हं, सिंथेटिक साडी पाणी पीतच नाही, ते वरच्या वर पळतं आणि चादर ओली करतं. असे चार-पाच शिवून ठेवा. रात्री ओलं झालं की पॅड ओढून काढायचा, दुसरा घालायचा, चादर ओली नसेल तर तिला हातही लावायचा नाही. बरीचशी लघवी पॅडच पिऊन टाकतो, फिल्मपर्यंत थोडीच जाते, आणि तीही नसेल गेली तर प्रोटेक्टर काढायची गरजच नाही. पॅडला तुमचं सगळं करा, गरम पाणी, सोडा, कडक ऊन, तो त्यासाठीच आहे. प्रोटेक्टर मग आठवड्याला एकदा धुतला तरी पुष्कळ, आणि दोन घेऊन आलटून पालटून वापरले तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून दोन धुणी येतात.

ते धुणं असं करायचं. ओला झालेला प्रोटेक्टर गोळा करून बादलीत सकाळपर्यंत ठेवू नका, लघवीचा जो उग्र वास आपण म्हणतो तो ताज्या लघवीचा नसतो, ती पडून राहिली की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, त्याचा तो वास. लगेच नळाच्या साध्या पाण्यातून दोनदा काढलं तर अर्ध्याच्या वर काम तिथेच होतं. मग कोमट पाणी, म्हणजे हात आरामात बुडवून ठेवता येईल एवढंच, चाळीस डिग्रीच्या वर नाही, त्यात थोडं लिक्विड डिटर्जंट, अर्धा तास भिजवा आणि टेरीची बाजू हाताने दाबून दाबून धुवा. फिल्मच्या बाजूला ब्रश नाही, धोपटणं नाही. पावडरपेक्षा लिक्विड म्हणतोय कारण बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, तिचा पांढरा गाळ टेरीच्या फाशांत बसतो, कपडा खरखरीत होतो आणि पाणी प्यायचं कमी करतो. शेवटचं खळखळणं दोनदा करा. कपडे मऊ करायचं लिक्विड टाकू नका, ते फाशांवर मेणासारखा थर चढवतं, वरचं पाणी आत न जाता बाजूला पळतं. वास राहिलाच तर शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर चालतं, पण ब्लीचबरोबर नाही, कधीच नाही.

पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि दोरीवर टाकून निथळू द्यायचं. मशीनमध्ये टाकत असाल तर एक गोष्ट नीट ऐका, फिल्ममधून पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे स्पिनच्या वेळी तिच्या घडीत पाणी पिशवीसारखं अडकतं, सगळं वजन एका बाजूला जातं आणि मशीन जोरात हादरतं, म्हणूनच बऱ्याच मशीनच्या पुस्तकात वॉटरप्रूफ कपडे टाकू नका असं लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तकात ते लिहिलं असेल तर हातानेच धुवा. तसं काही लिहिलं नसेल आणि प्रोटेक्टरच्या लेबलवर मशीनचं चिन्ह असेल तर एकटाच टाका आणि स्पिन सगळ्यात कमीवर ठेवा. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर, जिन्यात किंवा ओसरीत, आधी टेरी बाहेर करून आणि ती वाळली की उलटं. आपल्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात दोन-तीन तासांत वाळतो, गच्चीची गरजच पडत नाही. पावसाळ्यात पंख्याखाली टाका, दमट ठेवून घडी घातली तर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. इस्त्री तर विसराच, एक हात फिरवला की फिल्म इस्त्रीला चिकटून येते.

आता गादी. कापसाची गादी धुवायची नसते, बाहेरून वाळली तरी आत मधोमध ओल आठवडाभर राहते आणि कापसाचे दगडासारखे गठ्ठे होतात. नुसतं ऊन दाखवून तुमच्या गादीचा वास जाणार नाही, कारण लघवीतले क्षार कापसात वाळून बसलेत, पावसाळ्याची दमट हवा लागली की परत वास मारणार. पण गादी फेकू पण नका. मागच्या महिन्यात पारोळ्याच्या एका घरची अशीच गादी आली होती, सिंगल, तीन बाय सहा, आत साधारण नऊ-दहा किलो कापूस. बाजूची शिवण उसवली तर कंबरेच्या जागी परातीएवढ्या भागातला कापूस पिवळा, दबून चामड्यासारखा झालेला, पिंजायच्या लायकीचा नव्हताच. तो तेवढा काढून फेकला, दीड-दोन किलो निघाला. बाकीचा हाताला कोरडा, पांढरा, वास नाही, तो मशीनवर पिंजून घेतला, दोन किलो नवा कापूस मिसळला आणि नवीन खोळीत भरून टाके मारून दिले. नव्या गादीपेक्षा खूपच स्वस्तात काम झालं. तुम्ही फक्त एवढं बघा की पिंजारी वाईट कापूस तुमच्यासमोर वेगळा काढतोय, कारण सगळा एकत्र पिंजला तर वास सगळ्या गादीत पसरतो. आणि हे काम पावसाळ्याच्या आधी करा. (फोमची गादी असती तर हे काहीच करता आलं नसतं, फोम पाणी पोटात धरून बसतो, ओला असताना उचलला की स्वतःच्या वजनाने फाटतो.)

उशीचं आधी ठरवा की आत काय आहे. शिवणीतून एक चिमूट भरण काढा, चिमट्यात धरून मोरीत काडी लावा. कागद जळाल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कापूस किंवा सावरी. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर फायबर. पॉलिस्टर असेल तर उशी वाचते, त्या धाग्यांवर सिलिकॉनचा गुळगुळीत हात दिलेला असतो म्हणून ते एकमेकांवरून घसरतात, प्रत्येक धुण्यात तो थोडा उतरतो आणि मशीनच्या घुसळणीत धागे गुंततात, ते झाले तुमचे गोळे. शिवण उसवून गोळे हाताने सोडवा, नीट मोकळे करून परत भरा, पहिल्यासारखी फुगणार नाही पण डोक्याला टोचणार नाही. पुढच्या वेळी वर्षाला एक-दोनदाच धुवा आणि वाळताना दर तासाला झटका. कापसाची असेल तर गादीबरोबर पिंजायला द्या. सावरीची असेल तर मात्र अवघड आहे, तिचा धागा पोकळ आणि ठिसूळ, पाण्यात घुसळला की मोडतो, पिंजायला दिला तर भुगा होतो. ती उशी बदला, आणि पुढची कधी धुवू नका, फक्त उन्हात.

उशीला वॉटरप्रूफ कव्हर तुमच्या घरी लागतच नाही असं मला वाटतं. डोक्याखाली फिल्म आली की उशी हवा भरल्यासारखी फुगते, मान सरकते आणि घाम येतो. झिपवाली जाड सुती खोळ आणि वर नेहमीचा अभ्रा, खोळ पंधरा दिवसांनी आणि अभ्रा दोन-तीन दिवसांनी धुवा. झालं.

नवा प्रोटेक्टर घेताना लांबी-रुंदीबरोबर बाजूची उंची पण बघा. ऑनलाइन मिळणारे बहुतेक आठ-दहा इंची गादीच्या हिशोबाने शिवलेले असतात, आपली कापसाची गादी चार इंच, मग बाजू ढिली राहते, रात्री कूस बदलली की सगळं गोळा होतं आणि पाणी सुरकुतीतून कडेला उतरतं. चार कोपऱ्यांना इलॅस्टिकची पट्टी असलेला घ्या, तो कुठल्याही उंचीला बसतो. आला की वापरायच्या आधी तीच पेपर आणि पाटाची टेस्ट करा, परत करायची मुदत संपायच्या आत. आणि तो एक-दोन इंच मोठाच घ्या, कॉटन कोमट पाण्यात पण थोडं आटणारच.

सासऱ्यांना दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा की अजून रात्री होतंय म्हणून. ऑपरेशननंतर काही आठवडे-महिने असं चालतं, पण त्याला व्यायाम असतात, औषधं असतात, आणि लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर थांबू नका.

सध्याच्या प्रोटेक्टरची फिल्म जिथून सुटली असेल तिथून ओढून काढा, जेवढी निघेल तेवढी. उरलेलं टेरी चांगलं पाणी पितं, दुहेरी घडी करून कडा शिवा, तुमचा पहिला पॅड तयार आहे, साडी नंतर फाडा.